ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर फोर्टनाइट: आधी रॅमची पट्टी मोजा

बारावी झाली, रत्नागिरीच्या किंवा कुडाळच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, की घरात पहिला लॅपटॉप येतो. बहुतेक वेळा जुना, कुणीतरी वापरलेला. आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तोवर मोबाइलवर बीजीएमआय खेळलेलं असतं, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: यावर शंभर जणांचा गेम चालेल का?

चालेल, पण कुठला ते आधी ठरवा. पबजीच्या संगणकावरच्या आवृत्तीला किमान जीटीएक्स ९६० च्या ताकदीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, असं तो गेम बनवणारेच सांगतात. साध्या लॅपटॉपवर तो सुरू झाला तरी खेळण्यासारखा राहत नाही. त्यामागे लागून वेळ घालवू नका. फोर्टनाइटची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या किमान गरजांच्या यादीत इंटेलचं एचडी ४००० हे प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स आहे आणि आठ जीबी रॅम आहे. शिवाय डिसेंबर २०२० पासून त्यात कमकुवत मशिनांसाठी खास परफॉर्मन्स मोड आला. म्हणून पुढचं सगळं फोर्टनाइटबद्दल.

उदाहरणाला एक नेहमी सापडणारं मशीन घेऊ: आय५-८२५०यू प्रोसेसर, त्यातलं यूएचडी ६२० ग्राफिक्स, आठ जीबीची एकच रॅमपट्टी, एसएसडी आणि विंडोज ११. माझ्या मावसभावाकडे, कणकवलीला, नेमकं हेच आहे. त्याची तक्रार अशी होती: "दादा, आकाशात असताना बरो चलता, खाली इलो की अडाकता."

खाली उतरल्यावरच का अडकतो?

शंभर खेळाडू म्हणजे शंभर माणसं सतत आपल्या लॅपटॉपवर धावताहेत, असं नवख्याला वाटतं. तसं नसतं. सामना सुरू होताना फोर्टनाइटच्या बेटावर माणसं, पेट्या, दारं, हत्यारं मिळून सुमारे ५०,००० वस्तूंची स्थिती सर्व्हरला सांभाळावी लागते. पण सर्व्हर प्रत्येकाला सगळं पाठवत नाही, त्याच्या आसपासचं तेवढंच पाठवतो. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कोण कुणाला मारतंय, याचा भार तुमच्या मशीनवर जवळजवळ नसतो.

भार येतो तो वीस-पंचवीस जण एकाच वस्तीत उतरतात तेव्हा. त्या काही सेकंदांत इमारतींचे तपशील डिस्कवरून मेमरीत येतात, आजूबाजूच्या खेळाडूंच्या हालचाली प्रोसेसरला मोजाव्या लागतात आणि चित्रं ग्राफिक्सला काढावी लागतात. वेगळं कार्ड असलेल्या संगणकात या कामांना वेगवेगळी मेमरी असते. आपल्याकडे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच रॅममधून वाढून घेतात. ते दोघं एकदम मागायला लागले की चित्र थबकतं. मावसभावाचं कोडं एवढंच होतं.

त्यामुळे आपला गेम नीट चालतो का, हे शांतपणे झाडं तोडताना बघू नका. गर्दीच्या ठिकाणी उतरून बघा. गेमच्या सेटिंगमध्ये `Show FPS` चालू केलं की कोपऱ्यात आकडा दिसतो. साठ म्हणजे दर सेकंदाला साठ चित्रं, एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. तीस असतील तर ३३.३. आकडा पंचेचाळीसवर स्थिर राहिला तर हाताला त्याची सवय होते. साठवरून वीसवर आणि परत साठवर उड्या मारत असेल तर मात्र नेम कधीच लागत नाही.

पहिलं काम: लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते बघा

Ctrl, Shift आणि Esc ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात `Performance` मध्ये जाऊन `Memory` वर क्लिक करा. खाली उजवीकडे `Slots used` अशी ओळ दिसेल. तिथे `1 of 2` लिहिलेलं असेल तर खूश व्हा, कारण एक खाच रिकामी आहे. `2 of 2` असेल तर बहुधा दोन पट्ट्या आधीच आहेत. `Form factor` पुढे `SODIMM` असेल तर पट्टी काढता-घालता येते. `Row of chips` असेल तर रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे.

नक्की कोणती पट्टी आहे ते पाहायचं असेल तर पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed, PartNumber
```

जितक्या पट्ट्या तितक्या ओळी येतील. आमच्या उदाहरणातल्या मशीनवर एकच ओळ आली आणि वेग २४०० निघाला.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये `GPU` उघडलं की `Shared GPU memory` दिसेल. आठ जीबीच्या मशीनवर तो आकडा चारच्या आसपास असतो. तो बघून "अरे, आपल्याकडे चार जीबीचं ग्राफिक्स आहे" असं समजू नका. ती फक्त वरची मर्यादा आहे. ग्राफिक्स जेवढी मेमरी घेईल तेवढी उरलेल्यांच्या वाट्याची कमी होते. हिशोब करून बघा: विंडोज ११ आणि मागे चालणारी फुटकळ कामं मिळून तीन जीबी सहज खातात. गेमला तीन-चार जीबी लागते आणि ग्राफिक्सचा वाटा आणखी वेगळा. आठ जीबी म्हणजे जेमतेम काठोकाठ. ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडे राहिले की ते बाहेर सांडतं आणि विंडोज रॅमऐवजी डिस्क वापरायला लागतं. चार जीबीच्या लॅपटॉपवर तर प्रयत्नच करू नका.

दुसरी पट्टी: सगळ्यात मोठा फरक इथे पडतो

२४०० वेगाची एक डीडीआर४ पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माहिती ने-आण करू शकते. दोन खाचांत दोन पट्ट्या असल्या की त्या जोडीने चालतात आणि हाच आकडा ३८.४ होतो. ओढ्यावर एका माणसापुरता साकव असताना शेजारी दुसरा साकव घातला, असं समजा. प्रोसेसरला याने थोडासाच फायदा होतो. ग्राफिक्सला मात्र मोठा होतो, कारण चित्र काढताना त्याची सगळी वाट याच ओढ्यावरून जाते. म्हणूनच आठची एक पट्टी काढून सोळाची एक घालण्यापेक्षा आठच्या दोन बऱ्या. जागा तेवढीच, वाट दुप्पट.

इंटेल हा फरक किती गंभीरपणे घेतं याचा पुरावा लॅपटॉपच्या पडद्यावरच मिळतो. अकराव्या पिढीच्या आय५ मध्ये आयरिस एक्सई नावाचं चांगलं ग्राफिक्स आहे. पण त्या लॅपटॉपला एकच पट्टी असेल तर विंडोजमध्ये त्याचं नाव नुसतं यूएचडी ग्राफिक्स असं दिसतं. दुसरी पट्टी घातली की नाव बदलतं. "दुकानदाराने आयरिस सांगितलं आणि यूएचडी दिलं" असं वाटलं तर भांडायला जाण्याआधी खाचा मोजा.

पट्टी घेताना काय बघायचं? लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डेस्कटॉपची लांब. डीडीआर४ च्या जागी डीडीआर३एल किंवा डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते. वेग कमीजास्त असला तरी चालतं: आय५-८२५०यू चा डीडीआर४ साठीचा कमाल वेग २४०० आहे, त्यामुळे दुकानात ३२०० ची मिळाली तर ती निमूटपणे २४०० वर चालेल. खिशात आठ जीबीचे पैसे नसतील तर चार जीबीची घ्या. आठ आणि चार मिळून बारा होतात. इंटेलच्या मशीनवर त्यातली चार-चारची जोडी दुहेरी चालते आणि उरलेली चार एकेरी. अर्ध्या पैशात बराचसा फायदा मिळतो.

बसवणं सोपं आहे, पण घाई नको. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची वायर सोडवा. पट्टी तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवा आणि मग खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसतात. सोनेरी दात अर्धे बाहेर दिसत असतील तर ती नीट गेलेली नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. तेव्हा मशीन नवी मेमरी तपासत असतं, घाबरून बटण दाबत बसू नका. चार-पाच मिनिटांनीही काही आलं नाही तर बंद करून पट्टी काढा आणि परत बसवा. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक पुस्ती. खाऱ्या दमट हवेत रॅमच्या दातांवर पातळ थर चढतो. जुनी पट्टी अचानक ओळखेनाशी झाली तर ती मेलीच असं नाही. शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर दातांवरून हलकं फिरवून, भुगा झटकून परत लावून बघा.

गेममधली सेटिंग

फोर्टनाइट उघडून `Video` मध्ये जा आणि `Rendering Mode` ला `Performance` निवडा. गेम बंद करून परत चालू करावा लागतो. मग `Window Mode` ला `Fullscreen`. रिझोल्यूशन १२८०×७२० ठेवा. १९२०×१०८० मध्ये वीस लाखांहून जास्त ठिपके रंगवावे लागतात आणि ७२० मध्ये सव्वानऊ लाख, म्हणजे निम्म्याहूनही कमी काम. अक्षरं जरा जाड दिसतील, पण समोरचा माणूस दिसतो. `Textures` आणि `Meshes` दोन्ही `Low`, `View Distance` `Near` किंवा `Medium`. एवढ्यानेही आकडा खालीच राहिला तर शेवटचा उपाय म्हणून `3D Resolution` शंभरावरून ऐंशीवर आणा. त्याच्याही खाली गेलात तर लांबचा माणूस आणि झुडूप यांतला फरक कळत नाही.

`Frame Rate Limit` साठवर बांधून टाका. `Unlimited` ठेवायचा मोह होतो, पण तो महागात पडतो. या प्रोसेसरला ठरलेली वीज १५ वॉट आहे आणि ती प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायची असते. रिकाम्या माळावर नव्वद फ्रेम काढून मशीन तापवलं, की गर्दीत गेल्यावर त्याच्याकडे दम उरत नाही.

एपिकच्या लाँचरमध्येही एक काम आहे. `Library` मध्ये फोर्टनाइटच्या शेजारचे तीन ठिपके दाबून `Options` उघडा आणि `High Resolution Textures` ची खूण काढा. परफॉर्मन्स मोडला ती लागत नाहीत आणि डिस्कवरची मोठी जागा मोकळी होते. खेळताना विंडोजचा `Power mode` `Best performance` वर ठेवा.

काही जण प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करायला सांगतात, म्हणजे तो जादा वेग घेत नाही आणि तापत नाही. जास्त मूळ वेगाच्या प्रोसेसरला हे ठीक आहे. आय५-८२५०यू चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे. तेवढ्यावर बांधलं तर लॅपटॉप थंड राहील आणि गेम गर्दीत रडेल. मी तरी ते करणार नाही.

मावसभावाच्या मशीनवर हे सगळं एका पट्टीवर केलं तेव्हा मोकळ्या जागेत चाळीस-पन्नास मिळत होते, वस्तीत उतरलं की विशीत. आठची दुसरी पट्टी घातल्यावर मोकळ्या जागेत साठला टेकून राहिला आणि गर्दीत पंचेचाळीसच्या आसपास. तुमचा आकडा थोडा वेगळा येईल. फरक मात्र याच दिशेने पडतो.

अडकतोय, पण कशामुळे?

'हँग होतो' या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार असतात. खेळताना टास्क मॅनेजर मागे उघडा ठेवा आणि अडकल्यावर Alt-Tab करून बघा.

फ्रेमचा आकडा सतत कमी आणि `GPU` शंभर टक्के असेल तर ग्राफिक्स थकलंय. रिझोल्यूशन कमी करा. आकडा एरवी चांगला, पण मधूनच सेकंदभर चित्र गोठतं, मेमरी नव्वदीच्या वर आणि डिस्क शंभरावर दिसते, तर रॅम कमी पडतेय. ब्राउझर बंद करा, लॅपटॉप चालू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम काढा. यात डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर रॅम वाढवूनही उतरताना अडकणारच, तिथे एसएसडीला पर्याय नाही. नव्या अपडेटनंतरचे पहिले एक-दोन सामने सगळ्यांचेच अडखळतात, तेव्हा लगेच सेटिंग ढवळू नका.

फ्रेम साठवर ठाम आहेत, तरी समोरचा माणूस एका जागी दिसतो आणि क्षणात दुसऱ्या जागी उगवतो? तो लॅपटॉपचा दोष नाही, नेटचा आहे. सेटिंगमध्ये `Matchmaking Region` पाशी प्रत्येक प्रदेशापुढे पिंग दिसतो, सगळ्यात कमी असेल तो निवडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पावसात हा आकडा मिनिटामिनिटाला बदलतो. ते पट्टीने सुटणार नाही.

चौथा आजार आपल्याकडचा खास. पहिला सामना मस्त, दुसऱ्याच्या मध्यावर फ्रेम निम्म्या. टास्क मॅनेजरमध्ये `CPU` चा वेग बघा. सुरुवातीला तो अडीच-तीन गिगाहर्ट्झ असतो, तो आता एकच्या खाली-वर घुटमळत असेल तर लॅपटॉप तापलाय आणि स्वतःला वाचवतोय. मे महिन्यात खोलीचंच तापमान तेहतीस-चौतीस असतं, पंखा तीच गरम हवा आत ओढतो. त्यात आपली धूळ कोरडी नसते. दमट, खारट आणि चिकट होऊन ती पंख्यामागच्या बारीक पात्यांना लेपासारखी बसते. नुसती फुंकर मारून ती जात नाही. पंखा उघडून ब्रशने साफ करावा लागतो आणि जुन्या मशीनचा प्रोसेसरवरचा सुकलेला पेस्ट बदलावा लागतो. गादीवर, सोफ्यावर लॅपटॉप ठेवून खेळू नका. खालून मागची बाजू दोन बोटं उचलली तरी हवा लागते.

लाइट गेल्यावर

चार्जरवर `100-240V` असं छापलेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरून ट्यूबलाइट मिणमिणली तरी फ्रेम कमी होत नाहीत, त्याचं खापर तिथे फोडू नका. लाइट पूर्ण गेली तर मात्र होतात: लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वीज वाचवायला वेग खाली आणतो. त्याच वेळी राउटरही बंद पडतो. राउटरला एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावला तर निदान सामन्यातून बाहेर फेकले जात नाही. आधी राउटरच्या चार्जरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचून घ्या, काहींना नऊ लागतात.

आणि गेम उतरवायचा कसा?

दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हा गेम उतरवणं म्हणजे महिनाभराचं काम. घरी फायबर नसेल तर ज्याच्याकडे गेम आहे त्याच्याकडून आणा. गणपतीला मुंबईचा कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन येतोच. त्याच्या मशीनवरचा `C:\Program Files\Epic Games\Fortnite` हा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटची हवी, एफएटी३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आपल्या लॅपटॉपवर लाँचरमधून गेम उतरवायला सुरुवात करा, दोन-तीन टक्के झाले की रद्द करून लाँचर पूर्ण बंद करा. आणलेल्या फाइली त्याच फोल्डरमध्ये टाका, जुन्यांवर लिहू द्या. लाँचर उघडून परत इन्स्टॉल दाबा. तो आहेत त्या फाइली तपासतो आणि जे कमी पडतं तेवढंच उतरवतो.

तपासणीला वेळ लागतो आणि त्या काळात डिस्क शंभर टक्क्यांवर असते. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा आणि झाकण मिटू नका, नाहीतर तो झोपेल आणि तपासणी तिथेच थांबेल.